आजीचं ताट

माझी भाची पेडण्याची. नर्सिंगचं शिक्षण घेतलं, चार वर्षं नोकरी केली आणि मग इंग्लंडला जायचं मनात घेतलं. तिकडे नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं आणि बोलणं या तिन्हींत सात गुण लागतात, लेखनात साडेसहा चालतात. पहिल्या खेपेला बाकी सगळं जमलं, बोलण्यात मात्र साडेसहावर अडकलं. अर्ध्या गुणासाठी सगळी फी पुन्हा भरायची! डिचोलीला माझ्याकडे आली तेव्हा चेहरा एवढासा झाला होता.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली. म्हटलं, "तिथे बोललीस ते मला जसंच्या तसं म्हणून दाखव."

या परीक्षेत बोलण्याचे तीन भाग असतात. मधल्या भागात परीक्षक एक कार्ड हातात देतात. एक मिनिट विचार करायला, सोबत कागद आणि पेन्सिल. मग एक ते दोन मिनिटं एकटीने बोलायचं. मध्ये कुणी टोकत नाही, मदतही करत नाही. तिला आलेलं कार्ड होतं संस्मरणीय प्रवासाचं: कुठे गेलात, कसे गेलात, सोबत कोण होतं, आणि तो प्रवास लक्षात का राहिला.

ती सुरू झाली. काश्मीर, बर्फाच्छादित शिखरं, चित्तथरारक सौंदर्य! मी म्हटलं, "अगं, तू काश्मीरला कधी गेलीस?"

"गेले नाही गं मावशी. पुस्तकातलं नमुना उत्तर आहे. पाठ केलेलं."

गोम तिथेच होती. प्रवास खरा की खोटा हे परीक्षक तपासत नाहीत, त्याचे गुणही नसतात. पण पाठ केलेलं बोलणं ऐकताक्षणी कळतं. आवाज एका सुरात धावतो, एखादा शब्द विसरला की संपूर्ण वाक्य कोसळतं. आणि दोन मिनिटांनंतर परीक्षक त्याच विषयावर एखादा साधा प्रश्न विचारतात, तेव्हा त्याच तोंडून वेगळंच, अडखळतं इंग्रजी बाहेर येतं. हिचं तसंच झालं होतं. "तिथे पुन्हा जाल का?" एवढंच विचारलं, तर ही गप्प.

मी म्हटलं, "काश्मीर सोड. खरा घडलेला एक प्रवास सांग. मराठीतच सांग."

जरा वेळ विचार करून ती म्हणाली, "आजीकडे आलो होतो तो."

आजी म्हणजे माझी आई. त्या दिवसांत मी पुण्याला सासरी होते. त्यामुळे पुढचं सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

तिला म्हटलं, आता एक मिनिट घे आणि कागदावर फक्त शब्द लिही, वाक्यं नकोत. वाक्यं लिहायला गेलं की दुसऱ्याच ओळीला मिनिट संपतं, आणि मग नजर कागदावरून उठत नाही. तिने लिहिलं: नऊ वर्षं, आई, कदंब बस, झाड, म्हापसा, सूर्यास्त, ताट. सातच शब्द. मग ते इंग्रजीत बोलायला लावलं आणि फोनवर वेळ लावली. अठ्ठावन्न सेकंदांत संपलं. कुठे, कसे, कोण यांना सारखाच वेळ दिला आणि "का" एका वाक्यात उरकलं. नेमकं उलट हवं. पहिले तीन मुद्दे मिळून पाऊण मिनिटात आवरावेत, बाकीचा वेळ घडलेल्या गोष्टीला आणि "का"ला द्यावा.

चुकाही आपल्या मराठीतूनच आलेल्या. आपण बसमध्ये बसतो, म्हणून ती 'सॅट इन द बस' म्हणाली. उतरतो, म्हणून 'गॉट डाउन'. तिकडे 'गॉट ऑन' आणि 'गॉट ऑफ' म्हणतात. 'मेमोरेबल ट्रॅव्हल' म्हणाली, तिथे 'जर्नी' हवं. आणि सगळी वाक्यं एकाच साध्या भूतकाळात. मी म्हटलं, पाऊस पडत होता, आम्ही पोचलो तोवर सूर्य मावळून गेला होता, असं आपण मराठीत सहज म्हणतो ना? तेच दोन काळ इंग्रजीत आण, गोष्टीलाही खोली येईल आणि व्याकरणाचे गुणही वाढतील.

तीन दिवसांनी तिचं उत्तर जमलं. ते इंग्रजीत होतं, मी मराठीत देते.

"मी नऊ वर्षांची असतानाचा एक छोटा प्रवास सांगते. आम्ही पेडण्याहून डिचोलीला आजीकडे निघालो होतो. मी आणि आई, सरकारी बसने. मध्ये म्हापशाला बस बदलावी लागते, पण एरवी संध्याकाळच्या आत आरामात पोचता येतं. त्या दिवशी मात्र मुसळधार पाऊस पडत होता. कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यावर झाड पडलं होतं आणि आम्ही दोन तास तिथेच अडकलो. मला मजा वाटत होती, आई मात्र सारखी घड्याळ बघत होती. का ते मला कळेना. आम्ही जैन आहोत. आमच्यातली वडीलधारी माणसं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. आम्ही पोचलो तोवर अंधार पडला होता. आजी दारात उभी होती. मला तिने गरम भात वाढला. स्वयंपाकघरात एक ताट झाकून ठेवलेलं होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता. ते तिचं होतं. ती आमच्यासाठी थांबली होती, आणि थांबता थांबता सूर्य मावळला होता. सकाळपर्यंत ती उपाशीच राहिली, आणि याबद्दल एक शब्दही बोलली नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आता कुणी माझी वाट बघतंय म्हटलं की मला ते ताट आठवतं."

एक मिनिट पन्नास सेकंद. 'रात्रिभोजनत्याग' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात, असं तिने मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही. शब्द नसला तर अर्थ साध्या वाक्यात सांगता येणं, यालाही तिथे गुण असतात. 'ब्रेथटेकिंग'सारखे उसने शब्द मी सगळे काढायला लावले. "परीक्षकांनी मध्येच थांबवलं तर?" म्हणाली. दोन मिनिटं झाली की ते थांबवतातच, ती चूक धरली जात नाही. पण एका मिनिटाच्या आत आपणच थांबलो तर मात्र तो अंगावर येतो.

आणि हे उत्तरसुद्धा पाठ करू नकोस, असं मी तिला बजावलं. रोज सांगायचं, पण रोज वेगळ्या शब्दांत. एकदा झाडापासून सुरुवात, एकदा ताटापासून. कार्डावर पाहुणचार आला, आजी आली किंवा उशीर झाल्याचा प्रसंग आला, तरी हीच गोष्ट वळवून घेता येते. पाठ केलेलं काश्मीर असं वळत नाही.

परीक्षेत कार्ड आलं ते "तुमच्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती." तिने आजीच सांगितली. शेवटी विचारलं, "तुम्ही तिच्यासारख्या आहात का?" ही म्हणाली, "अजून नाही. मला भूक आवरत नाही." परीक्षक हसले म्हणे. बोलण्यात साडेसात आले.

ती गेली आता. मला मात्र ते ताट सोडत नाही. आई शेवटपर्यंत मला फोनवर सांगायची, "जेवले गं, केव्हाच जेवले." मी कधी उलटून विचारलं नाही.