नाकारलेल्या अर्जाचे दुसरे वाचन

मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस द्राक्षांच्या कारखान्यात काय करतो, असे मला पुष्कळजण विचारतात. मी माणसे निवडतो. निफाड तालुक्यात नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर विंचूर लागते. पेशव्यांचे सरदार विंचूरकर ह्यांचे हे गाव. शेजारच्या लासलगावामुळे ह्या भागाला सगळे कांद्याचा मुलूख म्हणून ओळखतात. पण २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि विंचूरला वाइन पार्क उभे राहिले. तेथल्या एका वाइनरीत भरतीचे काम माझ्याकडे आहे.

आमचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि मार्चअखेरपर्यंत चालतो. त्यासाठी डिसेंबरात प्रयोगशाळेत मदतनीस घेतले जातात. त्या वर्षी जागा दोन होत्या आणि उमेदवार नऊ. मदतनिसाचे पहिले काम म्हणजे फाटकाशी आलेल्या द्राक्षांची गोडी मोजणे. हे काम रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या, हातात मावणाऱ्या नळकांड्याने होते. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. आतल्या मोजपट्टीवर निळ्या-पांढऱ्या भागांची जी सीमारेषा दिसते, तो आकडा म्हणजे ब्रिक्स. एक ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण एक ग्रॅम साखर.

इतके कोणालाही जमते. खरी मेख पुढे आहे. रस घालण्यापूर्वी काचेवर ऊर्ध्वपातित पाणी घालून रेषा शून्यावर आहे की नाही ते पाहावे लागते. नसेल तर बारीक स्क्रू फिरवून ती शून्यावर आणावी लागते. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख चाचणीच्या वेळी तो स्क्रू मुद्दाम थोडा फिरवून ठेवतात. त्या दिवशी पाण्यालाच १.४ आकडा दिसत होता. रसाची खरी गोडी २१.८ होती, ज्याने शून्य तपासले नाही, त्याला ती २३.२ दिसणार. प्रत्येक उमेदवारानंतर स्क्रू पुन्हा तसाच लावला जाई.

फरक लहान वाटतो, पण एका ब्रिक्समागे वाइनमध्ये सुमारे अर्धा टक्का मद्यार्क वाढतो. फाटकावर १.४ ने चुकलेला माणूस कच्ची द्राक्षे पिकली म्हणून आत घेईल, आणि उपकरण उलट बाजूला सरकले असेल तर एखाद्या शेतकऱ्याचा चांगला माल हलका ठरवील. म्हणून नियम कडक होता: कागदावरचा शेवटचा आकडा बरोबर असेल तरच पुढे. नऊंपैकी एकाच मुलीने आधी पाणी घालून पाहिले. तिची नेमणूक झाली. आठजणांना नकाराची पत्रे गेली आणि दुसऱ्या जागेसाठी पुन्हा जाहिरात द्यायचे ठरले.

नकारानंतर पत्रे येतातच. कोणी घरची गरिबी लिहितो, कोणी पुढाऱ्याची चिठ्ठी जोडतो, कोणी परीक्षा पक्षपाती होती असे सुनावतो. ह्या पत्रांतून उमेदवाराविषयी नवे काही कळत नाही. म्हणून ती वाचून, पोच देऊन, फाइलीत जातात. चौथ्या दिवशी मात्र लासलगावजवळच्या एका खेड्यातल्या मुलाचे हाताने लिहिलेले पत्र आले. त्यात त्याने लिहिले होते, "आपला निर्णय बरोबर आहे. मी शून्य न पाहताच रस घातला. शेवटी काच धुऊन पाहिले तेव्हा पाण्यालाच १.४ दिसले. म्हणजे माझे उत्तर २१.८ व्हायला हवे होते. पण कागद देण्याची वेळ झाली होती आणि आपली चूक दिसेल म्हणून मी गप्प बसलो. ते मनाला लागून राहिले, म्हणून कळवतो." नोकरीबद्दल एक अक्षरही नव्हते.

पत्र मनाला भिडले, हे खरे. पण मनाला भिडणे हा भरतीचा निकष नव्हे. चाचणीचे गुपित बाहेर पडल्यावर दुसऱ्या कोणाकडून ऐकूनही असे पत्र लिहिता आले असते. म्हणून मी त्याचा कागद काढून प्रमुखांपुढे ठेवला. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून खोडलेला १.४ अजून वाचता येत होता. म्हणजे तो आकडा त्याला परीक्षेच्या खोलीतच दिसला होता.

प्रमुख म्हणाले, "शून्य पाहायला चार दिवसांत शिकवता येतं. चुकलेला आकडा स्वतःहून सांगायला कसं शिकवणार?" प्रयोगशाळेत चुका होतातच, थेंबात बुडबुडा राहतो, काच ओली राहून रस पातळ होतो. लगेच सांगितले तर पुन्हा मोजता येते. लपवले तर टाकीत रस मिसळून गेल्यावर कोणालाही काही करता येत नाही. हा मुलगाही गप्प बसलाच होता. पण विचारणारे कोणी नसताना तो बोलला.

तरीही केवळ पत्रावर जागा देणे बरोबर नव्हते, कारण ज्यांनी पत्र लिहिले नाही त्यांनाही तोच न्याय हवा. म्हणून आठही कागद पुन्हा पाहिले. सहांवर काहीच नव्हते. निफाडच्या एका मुलीच्या कागदावर उत्तराशेजारी स्वच्छ लिहिलेले होते: "पाणी १.४." वजाबाकी तिने केली नव्हती, पण आकडा लपवलाही नव्हता. नियमाप्रमाणे शेवटचा आकडाच ग्राह्य असल्यामुळे तीही बाद झाली होती. दोघांना फेरचाचणीला बोलावले आणि तसे का केले हे नोंदवहीत लिहून ठेवले.

येथे अनेकांना सुधा मूर्ती ह्यांची गोष्ट आठवेल. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते, तेव्हा त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावले गेले आणि नोकरी मिळाली. तेथे नियमच अन्यायाचा होता आणि पत्राने तो हलला. आमच्याकडे नियम योग्य होता. पत्राने फक्त एक नवा पुरावा समोर आणला, आणि जागा अजून रिकामी होती म्हणूनच त्याचा उपयोग झाला. दुसरे नेमणूकपत्र गेले असते, तर ते ह्या पत्रासाठी मागे घेता आले नसते.

फेरचाचणीला मुलगा आला. ह्या वेळी स्क्रू उलट बाजूला फिरवला होता. त्याने आधी पाणी घातले, रेषा शून्यावर आणली आणि दहा नमुने मोजले. एका नमुन्याचा आकडा चुकीचा लिहिला गेला तेव्हा त्याने तो खोडून गिरगटला नाही. एकच आडवी रेघ मारली, शेजारी नवा आकडा आणि सही केली. त्याची नेमणूक झाली.

निफाडची मुलगी आली नाही. तिने फोनवर सांगितले की, नकाराचे पत्र मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती एका औषधांच्या दुकानात रुजू झाली होती आणि मालकाला शब्द दिला होता. तिचे नाव आम्ही पुढच्या हंगामाच्या यादीत सर्वांत वर लिहून ठेवले. त्या वर्षापासून आमच्या चाचणीच्या कागदावर शेवटच्या आकड्याच्या वर आणखी एक रकाना छापलेला असतो: "पाण्याचा आकडा".