मोहम्मद, एमडी आणि अडकलेले डॉलर

माझं पूर्ण नाव मोहम्मद अझहर अब्दुल करीम शेख. घरात अज्जू, मोहल्ल्यात अझहर, शाळेच्या हजेरीत शेख. मी सोलापुरात घरी बसून उर्दू आणि मराठी व्हिडिओंची उपशीर्षकं करतो. काम परदेशातून एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावरून येतं आणि पैसेही तिथेच जमा होतात. आपण मागितले की ते आपल्या बँकेत पाठवतात.

गेल्या जूनमध्ये दोन महिन्यांच्या कामाचे 618 डॉलर जमा झाले होते, म्हणजे साधारण पन्नास हजार रुपये. धाकट्या बहिणीची डी.फार्मची फी भरायला बारा दिवस उरले होते. मी पैसे काढायचं बटण दाबलं आणि निवांत झोपलो. सकाळी स्क्रीनवर एक लाल ओळ होती:

Withdrawal rejected: account holder name does not match

मला वाटलं, खाते क्रमांक चुकला असेल. तपासला, तर बरोबर होता. आयएफएससी कोडही बरोबर होता. याच खात्यात पुण्याच्या मामूंचे पैसे वर्षानुवर्षं येत होते, आणि ते तर नावाच्या जागी नुसतं ‘अज्जू’ लिहितात. मग आत्ताच काय बिघडलं?

हे कोडं सोडवायला मला दोन दिवस लागले. आपल्या देशात एनईएफटीने पैसे पाठवले की ते फक्त खाते क्रमांकावर जमा होतात. रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच तसं स्पष्ट केलं होतं. एप्रिल 2025 पासून पैसे पाठवणाऱ्याला समोरच्याचं नाव आधी पाहता येतं, पण ते त्याच्या खात्रीसाठी. परदेशातून येणाऱ्या पैशाची गोष्ट वेगळी आहे. काळा पैसा दुसऱ्याच्या खात्यातून फिरवला जाऊ नये म्हणून ज्याने काम केलं त्याच्याच खात्यात पैसे जावेत, असा त्या संकेतस्थळाचा नियम होता. त्यांनी माझा पासपोर्ट आधीच तपासलेला होता. पासपोर्टवरचं नाव आणि बँकेतलं नाव त्यांनी शेजारी ठेवून पाहिलं, आणि ती दोन माणसं निघाली.

बँकेत माझं नाव नक्की काय आहे, हे मलाच माहीत नव्हतं. पासबुकवरची शाई कधीच उडाली होती. चुलतभावाला म्हटलं, माझ्या खात्यावर यूपीआयने एक रुपया पाठव आणि नाव काय दिसतं ते सांग. त्याने हसत हसत स्क्रीनचा फोटो पाठवला. एका कागदावर मी दोन्ही नावं लिहिली:

```
PASSPORT : MOHAMMED AZHAR ABDUL KARIM SHAIKH
BANK     : SHEKH MD AZAR ABDUL
```

खातं 2011 चं, मी आठवीत असताना अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी काढलेलं. शाळेच्या दाखल्यावर मराठीत ‘शेख मोहम्मद अझहर अब्दुल करीम’ होतं, आडनाव आधी, आपल्याकडच्या शाळांच्या रिवाजाप्रमाणे. बँकेतल्या कुणीतरी ते इंग्रजीत बसवलं. शेखचं स्पेलिंग कानाला वाटलं तसं केलं. मोहम्मदचा ‘एमडी’ झाला, जणू मी मोठा डॉक्टर. अझहरमधला ‘ह’ गळाला. आणि ‘अब्दुल करीम’ हे एकच नाव आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. अब्दुल करीम म्हणजे करीमचा, त्या मेहेरबान अल्लाहचा बंदा. करीम काढला की नुसता बंदा उरतो, कुणाचा ते कळत नाही.

आता मी केलेल्या चुका सांगतो, कारण माझ्यासारखे बरेच जण याच क्रमाने त्या करतात.

पहिली चूक म्हणजे घाईघाईत अब्बांचं खातं जोडलं. घरचंच तर खातं, असं वाटलं. पण संकेतस्थळाच्या लेखी तो तिसरा माणूस. ते खातं नाकारलं गेलं, वर माझ्या खात्यातून पैसे काढणंच तपासणीसाठी तीन दिवस बंद झालं. दुसरी चूक, संकेतस्थळावरचं माझं नाव बँकेसारखं करायला गेलो. त्यांनी लगेच त्या नावाचं ओळखपत्र मागितलं. ‘शेख एमडी अझर अब्दुल’ नावाचा माणूस जगातल्या कुठल्याच ओळखपत्रावर नव्हता. तिसरी चूक म्हणजे नोटरीकडून ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. आपल्या कचेऱ्यांत ते चालतं, कारण तिथे ते वाचणारं माणूस बसलेलं असतं. तिकडून विनम्र नकार आला.

अब्बा सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, “नाम तो एकीच है ना रे, इत्ता क्या झमेला?” मग उठून कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली. 2019 च्या डिसेंबरमध्ये नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली, तेव्हापासून घरातले सगळे कागद त्या पिशवीत असतात. त्यांनी एकेक कागद जमिनीवर मांडला. आधार, पॅन आणि पासपोर्टवर नाव अक्षरन् अक्षर एकच होतं. फक्त बँक वेगळी होती. अब्बांनी सुस्कारा सोडला. तो माझ्या डॉलरसाठी नव्हता, हे मला कळलं.

आणि उत्तरही तिथेच होतं. जिथे एकच कागद बाकी सगळ्यांशी भांडतो, तिथे तोच कागद दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी आधार आणि पॅन पाहिलं आणि म्हणाल्या, “शेख, तुम्ही सज्ञान झाल्यावर केवायसी केलीत, पण नावाला कुणी हातच लावलेला नाही.” केवायसीचा नवा फॉर्म, नाव दुरुस्तीचा अर्ज, दोन्ही कागदांच्या सही केलेल्या प्रती आणि मूळ कागद दाखवणं, एवढंच काम होतं. मी एक विनंती केली, संगणकात नाव भरलं की स्क्रीन मला दाखवा. त्यांनी दाखवली. ‘KARIM’ चा शेवटचा एम आहे ना, हे मी बोट ठेवून पाहिलं.

चार दिवसांनी पुन्हा एक रुपया मागवला. या वेळी नाव पूर्ण आलं. मग नव्या नावाचं स्टेटमेंट काढून संकेतस्थळाला पाठवलं, जुनं खातं काढून तेच पुन्हा जोडलं, आणखी तीन दिवस थांबलो. पैसे एकोणिसाव्या दिवशी आले. फीची तारीख सात दिवसांपूर्वीच गेली होती. ती मामूंनी भरली, त्याच खात्यात पैसे पाठवून, ‘अज्जू’ असं लिहून.

माझं काम सोपं होतं, कारण बाकीचे तिन्ही कागद जुळत होते. ज्यांचे आधार आणि पॅनच वेगळे आहेत, त्यांनी आधी स्पेलिंग एकदा कायमचं ठरवावं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथे अंदाजाने हात घालू नये. पासपोर्ट असेल तर त्यातलं नाव धरावं, मग आधार, पॅन, बँक आणि शेवटी संकेतस्थळ. पैसे अडकण्याची वाट न पाहता पहिलं काम मिळतानाच एक रुपया मागवून आपलं नाव वाचून घ्यावं.

या जूनमध्ये मोठ्या बहिणीच्या मुलाला पहिलीत घातलं. फॉर्मवर नावासाठी तीन चौकोन होते. वडिलांच्या चौकोनात भाऊजींनी ‘अब्दुल’ लिहिलं आणि पेन उचललं. मी म्हटलं, “भाऊजी, थांबा. रज्जाक राहिला.” जागा नव्हती. त्यांनी तो चौकोनाबाहेर, समासात लिहिला. शाळेच्या बाईंनी वर पाहिलं, काही बोलल्या नाहीत, आणि रजिस्टरात दोन्ही शब्द उतरवून घेतले.