त्या आवाजातलं ‘बस’

एप्रिल २०२० मधली ती चित्रफीत आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकली. सोळा तारखेच्या रात्री पालघरमधल्या गडचिंचले गावाजवळ जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला ठार मारलं होतं. चोर, मुलं पळवणारे आले आहेत, अशी आवई त्या भागात उठली होती आणि टाळेबंदीत गावं रात्री पहारा देत होती. चित्रफितीखाली ओळ होती: नीट ऐका, एक जण ‘शोएब, बस’ म्हणतोय.

मी ऐकलं, आणि मलाही ‘शोएब’ ऐकू आलं. अगदी स्वच्छ.

मग आईला बोलावलं. तिने ओळ वाचली नव्हती. फोन पालथा धरून फक्त आवाज ऐकवला. ती म्हणाली, “कुणीतरी ‘ओय, बस, बस’ म्हणतंय.” मी पुन्हा ऐकलं, तर आता मलाही ‘ओय बस’च ऐकू येऊ लागलं. गोंगाटातला अस्पष्ट आवाज कान अर्धाच पकडतो, उरलेला अर्धा आधी वाचलेल्या शब्दाने भरून निघतो. म्हणून असा दावा तपासायचा तर ओळ न वाचलेल्या माणसाला ऐकवावं आणि त्याला काय ऐकू आलं ते लिहून घ्यावं. दावा कळल्यावर तोच आवाज शंभरदा ऐकून काही हाती लागत नाही.

बावीस तारखेला गृहमंत्री अनिल देशमुखांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नाही, आणि तो शब्द ‘ओय बस’ आहे, असं त्यांनी सांगितलं. मी ते ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर आलं, “यादी सरकारचीच ना? तू त्यांच्या बाजूची कधीपासून झालीस?”

तेव्हा मला खरी भीती वाटली. मी एका शब्दाबद्दल बोलत होते आणि काकांनी माझा पक्ष विचारला. खुलासा कोण करतो यावरून तो खरा की खोटा हे ठरू लागलं, की यादी दाखवून उपयोग नसतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली होती. तिने वेग कमी होत असेल, पण काकांचा हा प्रश्न तिच्या आवाक्यातला नव्हता.

आवई उठली होती हे पोलिसांना आधी ठाऊक होतं का? गावागावात ती कुणी खोडून काढली का? पोलिसांच्या डोळ्यांदेखत माणसं कशी मेली? आमच्या ग्रुपवर यातलं काहीच कुणी विचारलं नाही. आठवडाभर भांडण चाललं ते धर्मावर.

मला मात्र तो आवाज आठवत राहतो. त्या गर्दीत कुणीतरी ‘पुरे, थांबा’ म्हणत होतं, आणि त्याच शब्दाचं आम्ही नाव करून टाकलं.