नऊ म्हणताना

आमच्या लांज्याच्या योगवर्गातल्या बाई डोंबिवलीला लेकीकडे राहायला गेल्या. प्राथमिक शाळेत आयुष्य काढलेल्या, वय सत्तरच्या पुढे. गणपतीला आणि शिमग्याला येईन म्हणाल्या. कोकणात तरुण माणसं चाकरमानी होऊन मुंबईला जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मागे राहिलेली माणसं सत्तरीत चाकरमानी होतात, हे मात्र मी आता पाहिलं.

हा मुळात योगवर्ग नव्हताच. पाच-सहा जण पहाटे हायवेच्या कडेनं फिरायला जायचे. चौपदरीकरण सुरू झालं, कडेची झाडं गेली, धूळ आणि डंपर आले. मग बाईंनी सगळ्यांना एका शाळेच्या पडवीत आणलं. मी लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आलो तो इथेच राहिलो, आणि कंबर धरली म्हणून आईनं मला तिथे पाठवलं. अठ्ठाविसाव्या वर्षी मी तिथला सगळ्यात लहान आणि सगळ्यात ताठ मेंबर होतो.

बाई शिकवत नसत, आकडे म्हणत. सूर्यनमस्काराच्या बारा स्थिती, एक ते बारा. बाराही स्थिती आम्हाला पाठ होत्या, तरी आकडा ऐकल्याशिवाय कोणी हलत नसे.

त्या जाणार हे ठरलं तेव्हा मोठा प्रश्न हाच होता की आकडे कोण म्हणणार. आमच्या धंद्यात ‘बस फॅक्टर’ नावाचा एक क्रूर शब्द आहे: टीममधली किती माणसं बसखाली आली तर काम बंद पडेल? आमच्या वर्गाचा बस फॅक्टर एक होता, आणि ती एक व्यक्ती मुंबईच्या एसटीत बसणार होती.

मी माझ्या परीनं उपाय काढला. बाईंच्याच आवाजात बारा आकडे रेकॉर्ड केले आणि प्रत्येकाला पाच सेकंद दिले. एका नमस्काराला एक मिनिट, बारा नमस्कारांना बारा मिनिटं. निरोपाच्या आदल्या आठवड्यात स्पीकर लावला. तीन नमस्कार छान झाले. चौथ्याला बँकेतून निवृत्त झालेले काका मागे पडले, पाचव्याला त्यांचा श्वास तोंडानं सुरू झाला, आणि सहाव्याला ते सतरंजीवर बसले.

बाईंनी स्पीकर बंद केला. “तुझं मशीन बोलतं चांगलं रे, पण ऐकत नाही.”

मग त्यांनी मला बाजूला उभं करून फक्त बघायला सांगितलं. आठव्या स्थितीत कंबर वर, हात-पाय जमिनीवर. नऊ म्हटलं की एक पाय पुढे, दोन्ही हातांच्या मध्ये आणायचा. माझा पाय एका झेपेत येतो. पोट सुटलेल्या, गुडघे धरलेल्या माणसाचा अर्ध्यातच थांबतो, आणि मग तो दुसऱ्या छोट्या पावलात पुढे ओढावा लागतो. बाईंचा नऊ म्हणूनच लांब असायचा. शेवटचं पाऊल टेकेपर्यंत त्या ‘नऊऽऽ’ ओढत, आणि मगच दहा. इतकी वर्षं आम्ही त्याला त्यांची लकब समजत होतो.

बाकीचंही त्यांनी सांगितलं. तोंडानं श्वास ऐकू आला की पुढचा आकडा लांबवायचा. रक्तदाब असलेल्यांना तीन आणि दहाला डोकं पूर्ण खाली घालू द्यायचं नाही, गुडघ्यांपर्यंत हात पुरे. मनगट दुखत असेल तर सहाला आधी गुडघे टेकायचे, मग छाती. एका नमस्कारात उजवा पाय आधी मागे गेला, तर पुढच्यात डावा. नाहीतर एकच बाजू राबते.

शाल-श्रीफळाला त्यांनी नको म्हटलं. शेवटच्या दिवशी आम्ही बारा जण होतो. मित्र, रवि, सूर्य, भानु अशी बारा नावं बारा जणांत वाटली गेली आणि प्रत्येकानं आपल्या नावाचा नमस्कार मोजला. बाई पहिल्यांदाच रांगेत, सगळ्यात मागे उभ्या होत्या. काकांनी ‘पूषन्’ घेतला आणि स्वतःचाच पाय येईपर्यंत नऊ ओढला. सगळे हसले.

माझ्या वाट्याला शेवटचा ‘भास्कर’ आला. आठला मी मान वळवून मागे पाहिलं. बाईंचा उजवा गुडघा थरथरत होता. पाय पुढे आणायला त्यांना दोन नव्हे, तीन पावलं लागली. इतकी वर्षं त्या समोर उभ्या राहून फक्त मोजत का होत्या आणि आता लेकीकडे का निघाल्या होत्या, हे तेव्हा कळलं. मी नऊ धरून ठेवला. माझा श्वास संपला तेव्हा शेजारच्या वहिनींनी तो पुढे ओढला, मग काकांनी. पाऊल टेकलं.

“दहा,” बाईच म्हणाल्या.

आता आठवड्याच्या वारांप्रमाणे आम्ही आकडे वाटून घेतलेत. माझा गुरुवार. रेकॉर्डिंग मी फोनमधून काढलेलं नाही, पण वर्गात लावतही नाही.