हळदीचा अहवाल आणि शारजाचा हिशेब

विश्रामबागेत आमच्या घरासमोर हळदीचे एक व्यापारी राहतात. गल्लीतले सगळे त्यांना काका म्हणतात, आम्हीही काकाच म्हणतो. २०२४ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि दुसऱ्याच दिवशी काका एक फाईल घेऊन आले. "सर, तुम्हाला उर्दू येते. एवढे करून द्या. शारजाच्या भागीदाराला पाठवायचे आहे."

भागीदार मूळचे हैदराबादच्या घराण्यातले, पण जन्म आणि शिक्षण शारजात. त्यांचे वृद्ध वालिद अजून धंद्यात लक्ष घालतात आणि ते फक्त उर्दू वाचतात. पुढच्या हंगामासाठी काकांच्या पेढीत आणखी पैसे लावायचे की नाही, हे त्या अहवालावर ठरणार होते. अहवाल बारा पानांचा होता. वर्षभराची खरेदी, विक्री, शिल्लक माल आणि येणी-देणी एवढेच त्यात होते. आम्ही मनात म्हटले, चार दिवसांचे काम आहे. उर्दूत काय, मराठीत काय, आकडे तर आकडेच.

शब्दांना खरेच चार दिवस लागले. आकड्यांना तीन आठवडे लागले, आणि तेही पहिला मसुदा चुकल्यानंतर.

चूक आमचीच होती, म्हणून ती आधी सांगतो. काकांच्या अहवालात लिहिले होते की उलाढाल ४ कोटींवरून ४ कोटी ४० लाखांवर गेली, म्हणजे दहा टक्के वाढली. वाचणारे शारजाचे, तेव्हा तक्त्यात दिरहम द्यावेत असे आम्हाला वाटले. दिरहमचा भाव काढणे सोपे असते, कारण १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधलेला आहे. रुपयाचा डॉलरशी दर मिळाला की त्याला ३.६७२५ ने भागायचे. ३१ मार्च २०२४ ला रविवार होता आणि त्याआधी दोन दिवस गुड फ्रायडे व शनिवार, म्हणून २८ मार्चचा दर घेतला. तो होता ८३.३७ रुपये, म्हणजे एक दिरहम २२.७० रुपयांचा. मागच्या वर्षासाठी ३१ मार्च २०२३ चा दर घेतला. ८२.२२ रुपये, म्हणजे दिरहम २२.३९ चा. प्रत्येक वर्षाला त्या त्या वर्षाचा दर, यापेक्षा प्रामाणिक काय असणार?

चार कोटींचे १७ लाख ८६ हजार ५१२ दिरहम झाले आणि ४ कोटी ४० लाखांचे १९ लाख ३८ हजार ३२६. आम्ही ते लिहिले, बेरजा तपासल्या आणि फाईल पाठवून दिली. आठवड्याने शारजाहून फोन आला. भागीदार अदबीनेच बोलले. त्यांचे हिशेबनीस मिसरचे आहेत, आणि त्यांनी तक्ता पाहून विचारले होते की मजकुरात वाढ दहा टक्के लिहिली आहे, तक्त्यात मात्र ती साडेआठच निघते, यातले खरे कोणते?

काका समोर बसले होते. त्यांचा चेहरा उतरला. पंचवीस वर्षांच्या धंद्यात त्यांच्या हिशेबावर कोणी बोट ठेवले नव्हते, आणि आता ठेवले ते आमच्या तक्त्यामुळे.

घडले होते ते असे. एका वर्षात रुपया थोडा घसरला. दोन वर्षांना दोन दर लावले की ती घसरण गुपचूप उलाढालीत शिरते. हळद दहा टक्क्यांनीच जास्त विकली गेली होती, पण दिरहमच्या तक्त्यात तिच्यातून रुपयाची घसरण वजा झाली. एकच दर, २२.७०, दोन्ही वर्षांना लावला तर मागच्या वर्षाचे १७ लाख ६२ हजार ११५ दिरहम होतात आणि वाढ बरोबर दहा टक्के येते.

मग साडेआठ टक्के खोटे का? तसेही नाही. ज्याने दिरहम लावले आहेत त्याच्या खिशाच्या दृष्टीने साडेआठच खरे. धंदा किती वाढला हा एक प्रश्न आणि परदेशातल्या माणसाच्या चलनात तो किती वाढला हा दुसरा. आम्ही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या शेजारी लिहिले आणि ते कोणालाच सांगितले नाही. शिवाय आमच्या ओळखीच्या एका सी.ए. बाईंनी आणखी एक गोष्ट समजावली. हिशेबाच्या नियमाने दुसऱ्या चलनात मांडायचे झाले तर वर्षभरात होत राहिलेल्या विक्रीला वर्षाचा सरासरी दर लावतात. वर्षअखेरचा दर लागतो तो शिल्लक मालाला आणि येण्या-देण्याला, कारण ते त्या दिवशी उभे असतात. आम्ही सरसकट ३१ मार्चचा दर फिरवला होता. बाई हसून म्हणाल्या, "सर, हे भाषांतरकाराचे कामच नाही. मूळ रुपये ठेवा. शेजारी सोयीसाठी एक रकाना द्या, एकाच दराने, आणि तो दर कोणत्या तारखेचा ते खाली लिहा."

दुसऱ्या मसुद्यात आम्ही तेच केले. सगळे तक्ते रुपयांत, शेजारी दिरहमचा रकाना, आणि पहिल्याच पानावर दर व तारीख. त्यात एक बारीक गोष्ट कळली. सरासरी विक्रीभाव होता क्विंटलला १५,००० रुपये, म्हणजे टनाला दीड लाख, म्हणजे ६,६०८ दिरहम. एका व्यवहारात ९०० क्विंटल, म्हणजे ९० टन माल गेला होता. ९० ला ६,६०८ ने गुणले तर ५,९४,७२० दिरहम येतात. पण त्याच व्यवहाराचे १ कोटी ३५ लाख रुपये थेट बदलले तर येतात ५,९४,७१४. सहा दिरहमांचा फरक फक्त अपूर्णांक सोडल्यामुळे पडतो. म्हणून प्रत्येक रक्कम मूळ रुपयांवरूनच बदलायची, आधीच गोल केलेल्या भावाने गुणून नाही. एवढे करूनही एखाद्या बेरजेत एक-दोन दिरहम इकडेतिकडे होतात, ते खाली एका ओळीत सांगून टाकायचे. आकडे ओढूनताणून जुळवायला गेलो तर ती लबाडीच.

उलट टोकही आहे. अहवालात एका शेतकरी गटाचे "सुमारे दहा एकर" क्षेत्र होते. यंत्राने त्याचे ४.०४७ हेक्टर केले. मुळात अंदाज आणि भाषांतरात तीन दशांश स्थळे! आम्ही "सुमारे ४ हेक्टर" लिहिले.

क्विंटलने वेगळाच घोळ घातला. उर्दूत आम्ही सरळ "कुंतल" लिहिले होते. भागीदारांनी तो शब्द मिसरच्या हिशेबनिसांना वाचून दाखवला आणि त्यांना तो ओळखीचा वाटला, कारण त्यांच्याकडे किंतार आहे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. कुरआन शरीफमध्येही किंतार येतो, तिथे अर्थ आहे ढीगभर संपत्ती. पण मिसरचा किंतार सुमारे ४५ किलोचा आणि आपला क्विंटल १०० किलोचा. त्यांनी आपल्या किंताराने भाव काढला तर हळद दुपटीहून महाग दिसली, आणि इतका महाग माल शारजात घेणार कोण, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. अनोळखी माप असते तर त्यांनी आधी विचारले असते. ओळखीचे वाटले म्हणून विचारले नाही. आता अहवालात क्विंटल कुठेच नाही. सगळे किलोत आणि टनात आहे.

लाख-कोटींचे तसे सोपे होते. वालिदसाहेबांना लाख आणि करोड घरचेच. हिशेबनिसांसाठी मात्र दहा लाखांचा एक मिलियन करावा लागतो. ४,४०,००,००० हा आकडा स्वल्पविराम हलवून ४४,०००,००० असा लिहिला की झाले. जाता जाता एक इशारा. मराठीतला अब्ज आणि उर्दूतला अरब एकच, शंभर कोटी. पण मराठीतला खर्व हजार कोटींचा आणि उर्दूतला खरब दहा हजार कोटींचा. काकांच्या पेढीत अजून खर्वाची वेळ आलेली नाही, इन्शाअल्लाह येईल तेव्हा बघू.

तारखांनी आम्हाला सर्वांत जास्त छळले. काकांच्या मुलाने खरेदीची यादी दिली होती, तारखा ०५/०४/२०२४ अशा. शारजातल्या संगणकावर मांडणी अमेरिकन होती, तिथे महिना आधी येतो. त्यामुळे ५ एप्रिलची ४ मे झाली. २५/०४ ला मात्र पंचविसावा महिना नसल्याने यंत्राने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवली. हे ओळखायची खूण सोपी आहे. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की उजवीकडच्यांवर संशय घ्यावा, कारण यंत्राने तारीख म्हणून स्वीकारल्या आहेत त्या त्याच. आम्ही सगळीकडे महिन्याचे नाव अक्षरी लिहिले.

उर्दूची स्वतःची एक गंमत आहे. लिपी उजवीकडून डावीकडे चालते, पण आकडा डावीकडून उजवीकडेच लिहितात. मधल्या आडव्या रेघेचे काय करायचे, हे यंत्राला नीट ठरवता येत नाही. आम्ही टाईप केले २०२३-२४, पडद्यावर दिसले २४-२०२३. वर्ष असल्याने ते निदान लक्षात तरी येते. भाव "१४-१६ हजार" असताना तो "१६-१४" दिसला तर वाचणाऱ्याला वाटावे भाव घसरला! आम्ही रेघ काढून टाकली आणि मध्ये "ता" हा शब्द घातला. वर्षाचेही "१ एप्रिल २०२३ ता ३१ मार्च २०२४" असे पूर्ण लिहिले. शारजाच्या त्या पेढीचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. ते आमचे "२०२३-२४" स्वतःच्या २०२४ शेजारी मांडून बसले होते. आपले वर्ष त्यांच्या वर्षात बदलणे आमच्या आवाक्यातले नव्हते, त्याला महिन्यावारी हिशेब लागतो. वर्ष कुठून कुठे, एवढे सांगणे मात्र आवाक्यात होते.

शेवटच्या पानावर काकांनी लिहिले होते, "पुढची खेप बकरी ईदच्या आठ दिवस आधी निघेल." हे वाक्य पहिल्या मसुद्यात आम्ही जसेच्या तसे उतरवले होते. दुसऱ्या वेळी थबकलो. शारजात चंद्र एक दिवस आधी दिसू शकतो, मग आठ दिवस कोणत्या ईदच्या आधी? काकांना विचारले. ते म्हणाले, "अहो, तुमची ईद तीच त्यांची ईद ना?" आम्ही समजावले, कॅलेंडर पाहिले, आणि वाक्य झाले, "खेप ८ जून २०२४ रोजी निघेल." त्या साली शारजात बकरी ईद रविवारी, १६ जूनला झाली, आणि इथे आम्ही सोमवारी साजरी केली. माल आठ तारखेला निघाला होता. पैसे लावायचे की नाही, याचा निरोप वालिदसाहेबांनी ईदच्या शुभेच्छांबरोबर पाठवला. ईद रविवारची असल्याने काकांना तो आमच्या ईदच्या आदल्या दिवशीच मिळाला.