काडी

‘घाबरू नका’ असं लिहिलं आणि खोडलं. घाबरलेल्या माणसाला घाबरू नका म्हटलं की त्याची भीती वेडगळ ठरते, एवढंच होतं. ४ जून २०२४ ची संध्याकाळ. सेन्सेक्स एका दिवसात ४,३८९ अंकांनी, म्हणजे पावणेसहा टक्क्यांनी कोसळलेला. म्युच्युअल फंडाच्या माझ्या गिऱ्हाइकांना मी महिन्याला एक पत्रक धाडतो, त्यात एक परिच्छेद हवा होता.

बुडत्याला काडीचा आधार. पुढे त्या काडीचं काय झालं, ते म्हण सांगत नाही. माणूस तरला का, तेही नाही. मी पोहायला शिकलो मामांच्या विहिरीत, कमरेला सुका भोपळा बांधून. भोपळा प्रामाणिक, खरंच तरंगवायचा. दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा गेला आणि नुसता दोर राहिला, दुसरं टोक मामांच्या हातात. ढिला दोर कुणाला तरंगवत नाही, तरी त्याच्या जिवावर मी हातपाय मारायचो. एकदा वर पाहिलं तर मामा निवांत तंबाखू मळत होते आणि दोर दगडाखाली. मग इतके दिवस मला तारलं कशानं?

‘बाजार पुन्हा वर येतोच’ हे वाक्य त्या दोरासारखंच. ८ जानेवारी २००८ ला २०,८७३ वर असलेला सेन्सेक्स ९ मार्च २००९ ला ८,१६० वर होता. जुनी पातळी पुन्हा दिसली ती २०१० च्या दिवाळीत. वर आला खरा, पण जवळजवळ तीन वर्षांनी. तोवर ज्यांना पैसे लागले, त्यांना काय सांगायचं?

सप्तापुरात क्लासच्या पोरांना डबे देणाऱ्या मावशींचा त्याच रात्री फोन आला. “काढू काय ठेवू, सर?” त्यांचे एक लाख वीस हजार होते, सगळे निर्देशांकाबरोबर पडले असं धरलं तर सुमारे सात हजार उतरलेले. मी म्हटलं, दुपारी ३ नंतर अर्ज दिला तर भाव उद्याचा मिळतो, म्हणून आज रात्री काढून आजचा भाव हाती येणार नाही. तेवढ्यानं त्या शांत झाल्या. मग सहज म्हणाल्या, जुलैत मुलाची फी भरायचीय.

महिन्याभरात लागणारे पैसे शेअरच्या फंडात. पैसे कधी लागतील, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

७ जूनला सेन्सेक्स पडण्याआधीच्याही वर गेला. मावशी म्हणाल्या, “तुम्ही धीर दिलात म्हणून ठेवले.” मी धीर दिला होता का? आपण फक्त एक रात्र पुढे ढकलली, असं मला वाटत होतं. परिच्छेद अजून तसाच आहे. ‘पैसे कधी लागणार आहेत?’ एवढा प्रश्न लिहून मी थांबलोय. हा प्रश्न वाचून एखादा जास्तच घाबरेल, असंही वाटतं. आणि मामांनी तो दोर दगडाखाली कधीपासून ठेवायला सुरुवात केली होती, ते विचारायचं राहूनच गेलं.