नऊ वाक्यांचा परिच्छेद

आपल्याकडे लिहायला बसलं की आधी प्रस्तावनेचा दस्तरखान अंथरला जातो, आणि जेवण येईपर्यंत पाहुणा कंटाळून उठायच्या बेतात असतो. लग्नातल्या भाषणात हे चालून जातं, कारण तिथे बिर्याणीच्या वासावर माणसं बसून राहतात. कागदावर तसं होत नाही. वाचणाऱ्याला वाटलं, तर तो तिसऱ्या ओळीला निघून जातो.

आम्ही नणंद-भावजय. एकीने शाळेत मराठी शिकवलं, दुसरी दवाखान्यात नर्स आहे. मोहल्ल्यात कुणी काही लिहिलं की कागद आमच्याकडे येतो. रमजानच्या आधी मामूंनी मधुमेह असलेल्यांसाठी एक पान लिहून आणलं. ते मशिदीच्या फळ्यावर लावायचं होतं. म्हणजे वाचणारा नमाजनंतर चपला शोधता शोधता, उभ्याउभ्या वाचणार. मामू स्वतः बरीच वर्षं मधुमेहाचे, त्यामुळे त्यांना सांगायचं ते नेमकं ठाऊक होतं. त्यांचा पहिला परिच्छेद असा होता :

‘रमजान हा अत्यंत पवित्र महिना आहे हे आपण सर्वजण जाणतोच. आजच्या धकाधकीच्या जीवनात मधुमेहाचे प्रमाण दिवसेंदिवस वाढत चालले आहे. मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढण्याचा आजार, हे आता घरोघरी माहीत झाले आहे. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी रोजे ठेवताना योग्य ती काळजी घेणे अत्यंत गरजेचे व महत्त्वाचे आहे. याचा अर्थ असा की त्यांनी आपल्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करू नये. रोज्यात साखर कमी होऊ शकते, म्हणजेच साखरेचे प्रमाण खाली येऊ शकते. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. तपासणीत साखर 70 पेक्षा कमी आली तर रोजा लगेच सोडणे योग्य ठरते असे डॉक्टर सांगतात. थोडक्यात सांगायचे तर, काळजी घेणे हाच सर्वात उत्तम उपाय आहे.’

ज्या आकड्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तो आठव्या वाक्यात. चपला सापडलेला माणूस तिथवर पोहोचतच नाही.

आमची रीत साधी आहे. एका वाक्यावर कागदाची पट्टी ठेवायची, बाकीचं वाचायचं, आणि विचारायचं की वाचणाऱ्याचं काय अडलं? पहिल्या वाक्यावर पट्टी ठेवली तर काहीच अडत नाही. ‘जाणतोच’ हा शब्दच सांगतो की हे सांगायची गरज नव्हती. मामू म्हणाले, “अगं, रमजानचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात कशी करायची?” भावजय म्हणाली, “मामू, पान लागणार मशिदीत, चाँद दिसायच्या तोंडावर. रमजानचं नाव सगळ्यांच्याच तोंडी असणार.”

दुसऱ्या वाक्याला आम्ही वेगळी परीक्षा लावली. मधुमेहाच्या जागी रक्तदाब घातला, मग गुडघेदुखी घातली. वाक्य दोन्हीकडे तितकंच बसलं. जे वाक्य कुठेही बसतं, ते इथलं नसतं. तिसरंही गेलं, कारण ज्यांच्यासाठी पान आहे त्यांच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं असतात.

चौथं वाक्य फसवं आहे. ते काम करतंय असं वाटतं, म्हणून पहिल्या वाचनात हातातून सुटतं. ‘योग्य ती काळजी’ म्हणजे कोणती, एवढंच विचारायचं. उत्तर त्या वाक्यात नव्हतं, सातव्या-आठव्यात होतं. आणि ‘याचा अर्थ असा की’ हे शब्द दिसले की आम्ही थांबतो. आधीचं वाक्य स्पष्ट असेल तर अर्थ सांगायला नको, आणि स्पष्ट नसेल तर तेच दुरुस्त करायला हवं. सहाव्यातलं ‘म्हणजेच’ त्याच घराण्यातलं. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकच गोष्ट आहे.

पण त्या सहाव्या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ बसलो. साखर उतरते म्हणजे माणसाला काय होतं? हे मामूंना विचारलं तर ते भरभर सांगायला लागले. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, डोकं काम करेनासं होतं. हे सगळं त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. पसरट लिहिण्यात बहुतेक वेळा असंच होतं. सगळ्यांना ठाऊक असलेलं दोनदा येतं आणि लिहिणाऱ्याला एकट्याला ठाऊक असलेलं राहून जातं. काढलेल्या वाक्यांची जागा त्यालाच दिली.

आठव्या वाक्यातलं ‘योग्य ठरते असे डॉक्टर सांगतात’ हे अदबीचं बोलणं आहे. घरात ठीक आहे. पण घामाने भिजलेल्या माणसाला ‘सोडा’ असं सरळ सांगावं लागतं. आणि आमच्या नर्सबाईंनी त्यात एक भर घातली. इफ्तारला थोडाच वेळ उरला की लोक ‘आता काय, दहा मिनिटं’ म्हणून ओढून नेतात, आणि नेमकी तेव्हाच साखर आणखी उतरते.

नवा परिच्छेद असा झाला :

‘रोज्यात हात थरथरले, घाम फुटला, छाती धडधडली किंवा काही सुचेनासं झालं, तर लगेच साखर तपासा. बोट टोचल्याने रोजा तुटत नाही. मशीनवर आकडा 70 च्या खाली आला तर रोजा सोडा, मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी. अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आजारपणात रोजा सोडण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे.’

शेवटच्या वाक्यावरून आमच्यात मतभेद झाला. नणंदेचं म्हणणं, हे सगळ्यांना माहीत आहे, मग पहिल्या वाक्याचा न्याय यालाही लावा. भावजयीने दवाखान्यातला अनुभव सांगितला. माणसाला सवलत माहीत असते, तरी अपराधी वाटतं म्हणून तो रोजा सोडत नाही, आणि घरचे त्याला तसाच उचलून आणतात. पट्टी ठेवून पाहिलं तर तिचं खरं निघालं. ते वाक्य झाकलं की ‘रोजा सोडा’ ऐकायला माणूस तयार होत नाही. वाक्य राहिलं. पहिल्या वाक्याने वाचणाऱ्याकडून काहीच करवून घेतलं नव्हतं, हे वाक्य त्याचा हात पेल्याकडे नेतं.

मामूंनी इथे हदीसचा दाखला दिला. हजरत आयशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) असे बोलत की मोजणाऱ्याला शब्द मोजता यावेत. आणि बुखारीतच हजरत अनस (रजि.) यांचं कथन आहे की ते एखादी गोष्ट तीनदा सांगत, समजावी म्हणून. म्हणजे पुन्हा सांगणं हा दोष नव्हे. आम्हाला हे पटलं. पानाच्या शेवटी 70 चा आकडा आम्ही मुद्दाम पुन्हा, ठळक लिहिला.

काढल्यावर एक गोष्ट मात्र तपासावी लागते. वाक्य जातं, पण त्याला धरून असलेला शब्द मागे लोंबकळत राहतो. तिसरं वाक्य गेलं आणि चौथं ठेवलं असतं, तर ‘त्यामुळे’ कशामुळे, हे कुणालाच कळलं नसतं. बोट टोचण्याचं वाक्य काढलं असतं, तर ‘तपासणीत’ कोणत्या तपासणीत, हा प्रश्न उरला असता. म्हणून शेवटी एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने कागद न पाहता ऐकायचं. ऐकणारी जिथे “कोण?” किंवा “कशामुळे?” विचारते, तिथे खूण करायची.

मामूंचं सबंध पान याच रीतीने अर्ध्यावर आलं. उरलेल्या जागेत एखादा शेर टाकावा, असं त्यांच्या मनात होतं. आम्ही अक्षरं मोठी केली, चष्मा घरी विसरलेल्यांसाठी.